उसाचं पान बुबुळाला लागलं तर या चुका टाळा

समजा, माजलगावकडचा एक शेतकरी ऊस तोडताना पात्याचा फटकारा डोळ्याला बसून घरी आला. दोन दिवस डोळा खुपला, मग बरं वाटलं. आठवड्याने बुबुळावर पांढरा ठिपका दिसला. गावातल्या मेडिकलवरून लाली घालवणारा ड्रॉप आणला, लाली गेली आणि ठिपका मात्र दुप्पट झाला.

पहिली चूक त्या ड्रॉपमध्येच. अशा बाटल्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. त्याने लाली आणि ठणका दबतो, पण बुरशीला मोकळं रान मिळतं. पाचट, ज्वारीचं ताट, तुरीची काडी यांनी झालेल्या जखमेत फ्युजेरियम किंवा अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी शिरू शकते. ती संथ चालते, म्हणून सुरुवातीला ठिपक्याच्या मानाने दुखणं कमी वाटतं. दूध, मध घालणं तर नकोच. डोळ्याच्या डॉक्टरांकडे व्रण खरवडून नमुना तपासून घ्या. बुरशीचे तंतू तिथेच सूक्ष्मदर्शकाखाली दिसू शकतात.

बुरशी निघाली की सहसा ५ टक्क्यांचा नॅटामायसिन ड्रॉप देतात. पहिले दोन दिवस साधारण दर तासाला एक थेंब, आणि बऱ्याच रुग्णांना रात्रीसुद्धा. त्यानंतर जागेपणी दर एक-दोन तासांनी. पुढे कमी कधी करायचं, ते डॉक्टर व्रण पाहून ठरवतात. हे सगळं कित्येक आठवडे चालतं. घरात हमखास चुकतं ते रात्रीचं. त्यामुळे मोबाइलला गजर लावा आणि थेंब टाकायला दोघांनी पाळ्या घ्या. औषध तळाशी बसतं, म्हणून प्रत्येक वेळी बाटली चांगली हलवा, नाहीतर नुसतं पाणीच डोळ्यात जातं. दुसरा ड्रॉप असेल तर मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. व्रणावर पांढरा थर साचला तर तो औषधाचाही असू शकतो. तो बोटाने पुसू नका, डॉक्टरांना दाखवा.

ठणका थांबला म्हणून ड्रॉप बंद करणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. दुखण्यावर नाही, ठिपक्यावर नजर ठेवा. दर सकाळी खिडकीशी, त्याच उजेडात, मोबाइलवर फोटो काढा. पहिल्या आठवड्यात फारसा फरक दिसत नाही. तेवढ्यात ठिपका वाढला नाही, हेही चांगलंच. बरा होऊ लागला की त्याची पिसासारखी कड गोलसर, आखीव होत जाते.

उलट ठिपका पसरला, शेजारी नवे ठिपके उठले, बुबुळाच्या आत खालच्या बाजूला पांढऱ्या पुवाची रेघ चढू लागली, नजर घटली किंवा ठणका वाढला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. नॅटामायसिन खोलवर फारसं मुरत नाही, त्यामुळे आत शिरलेल्या बुरशीला दुसरं औषध किंवा शस्त्रक्रिया लागू शकते.

डोळ्यातून एकदम गरम पाणी आलं आणि दुखणं अचानक कमी झालं, तर बुबुळाला छिद्र पडलं असण्याची शक्यता धरा. डोळा दाबू नका, घट्ट पट्टी बांधू नका. डोळ्याला न टेकेल अशी कडक वाटी वरून चिकटवा आणि त्याच तासाला अंबाजोगाई किंवा छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी मेडिकल कॉलेजची वाट धरा. निघताना वापरातल्या सगळ्या बाटल्या बरोबर घ्या, मेडिकलवाल्याने दिलेलीसुद्धा.