पोस्टरवरचं नक्षीदार शीर्षक ओसीआरकडून कसं वाचून घ्यावं

“वाचता येत नसेल तर आणखी मोठ्या रिझोल्यूशनने स्कॅन करा” हा सल्ला ज्याने पहिल्यांदा दिला, त्याने आयुष्यात जत्रेचं पोस्टर वाचून घेतलेलं नसणार. बारीक छपाईसाठी तो ठीक आहे. पण वीतभर उंचीच्या सुलेखनातल्या शीर्षकाला तो चालत नाही, उलट नडतो.

मी जुन्या जत्रा-उरूस आणि कुस्ती मैदानांच्या पोस्टरांची सूची करतो. वापरतो ते टेसरॅक्ट, चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करून देणारा ओसीआर प्रोग्रॅम: फुकट आहे, मराठी येतं, आणि कुठे चुकलं ते तपासता येतं. खालचं उदाहरण एकाच पोस्टरचं आहे. पिवळ्या कागदावर लाल अक्षरांत ‘भैरवनाथ’, खाली उजवीकडे काळी सावली, ‘भै’च्या दोन मात्रांच्या जागी त्रिशूळ, आणि शेवटच्या ‘थ’ची शेपटी फिरत फिरत पार तारखेपर्यंत गेलेली.

फोटो समोरून, फ्लॅशशिवाय घ्या. मग पोस्टरचे तुकडे करा: शीर्षक एक, खालचा साधा मजकूर दुसरा. देणगीदारांचे फोटो आणि मंडळांची बोधचिन्हं टाकून द्या. साध्या मजकुराला एक ओळ पुरते:

```
tesseract majkur.png majkur -l mar --psm 6
```

आता शीर्षक. माझे चार महिने इथेच गेले.

आधी हे यंत्र वाचतं कसं ते बघा. आपण अक्षर ओळखतो, वळण कसंही असो. टेसरॅक्ट अख्खी ओळ घेतो, ती ठरावीक लहान उंचीला बसवतो आणि डावीकडून उजवीकडे आकार तपासत जातो. हे आकार तो शिकला ते मुख्यतः फॉन्टांतून तयार केलेल्या मजकुरावर. तिथे शिरोरेषा सरळ, मात्रा नेमक्या जागी आणि अक्षराच्या पोटात मोकळी जागा असते. सुलेखनकार नेमकं हेच सगळं मोडतो, आणि त्याने मोडावंच. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षकं आठवा: नाटकाचा स्वभाव अक्षरातच उतरायचा. माणसाला त्यामुळे जास्त कळायचं, यंत्राला मात्र कमी कळतं.

पहिलं काम शेपटी कापायचं. ‘थ’ची शेपटी राहिली की ओळीची उंची दुप्पट होते, आणि ती ठरावीक उंचीला बसवताना खरी अक्षरं मुंगीएवढी होतात. फोटो संपादनाच्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये खोडरबराने शेपटी पुसा. कलाकाराचा अपमान होत नाही, मूळ फोटो आपल्याकडे असतोच.

दुसरं काम सावली काढायचं. सगळं करड्या रंगात केलं की लाल अक्षर आणि काळी सावली दोन्ही गडद दिसतात, एकमेकांना चिकटतात, आणि ‘भ’ आणि ‘थ’ची गाठ बुजून जाते. म्हणून आधी करडं करू नका. अक्षराचा रंग उचला, तो काळा करा, बाकी सगळं पांढरं. इमेजमॅजिक या प्रोग्रॅमची ही आज्ञा ते करते:

```
magick shirshak.png -fuzz 25% \
  -fill white +opaque "#c81e1e" \
  -fill black -opaque "#c81e1e" \
  -resize 12% -bordercolor white -border 10 saf.png
```

रंगाचा आकडा आपल्या फोटोतून घ्या. `12%` का, तर माझ्या फोटोत अक्षराची उंची 380 पिक्सेल होती आणि ती 45च्या आसपास आणायची होती. मोठ्या अक्षराला आणखी मोठं करण्यात काही अर्थ नाही, तीस ते पन्नास पिक्सेल भरपूर झाले. अक्षर पोकळ, नुसत्या किनारीचं असेल तर आत रंग भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. नाहीतर प्रत्येक दांड्याचे दोन दांडे वाचले जातात.

तिसरं काम शिरोरेषेचं, आणि इथेच मी तोंडघशी पडलो. या पोस्टरवर कलाकाराने शिरोरेषा दिलीच नव्हती. टेसरॅक्टने नुसती चिन्हांची रांगोळी काढली. मी म्हटलं, सोपं आहे, आपणच रेष ओढू. डावीकडून उजवीकडे एक सरळ जाड रेष मारली, त्रिशुळाच्या जागी दोन मात्रा काढल्या आणि पुन्हा चालवलं. आलं ‘मैरवनाय’, स्वच्छ अक्षरांत. घाईत होतो, बाकीच्या नावांबरोबर ते तसंच सूचीत गेलं. पुढे गावच्या यात्रा समितीच्या सचिवांचा फोन आला, “अहो, आमच्या भैरवनाथाचं एकपण पोस्टर सापडत नाही तुमच्या यादीत.” सापडणार कसं? अशी अकरा पोस्टरं ‘म’खाली जाऊन बसली होती.

चूक यंत्राची नव्हती, माझ्या रेषेची होती. भ, थ, ध या तिघांच्या डाव्या टोकाशी शिरोरेषा तुटलेली असते. तो खंड बुजवला की भ हा म दिसतो, थ हा य आणि ध हा घ. रेष ओढायचीच, पण या तीन अक्षरांच्या डोक्यावर डावीकडची जागा मोकळी सोडून. शब्दाशब्दांमध्येही रेष तोडा. ‘ख’ असेल तर त्याचे दोन भाग खाली एकमेकांना टेकलेत ना ते बघा, नाहीतर ‘रव’ हातात पडतं.

त्रिशूळ पुसून त्या जागी दोन साध्या मात्रा काढा. चित्राला अक्षर म्हणून वाचायला लावण्याचे मी सगळे प्रयोग करून बसलोय: कधी एकच मात्रा मिळते, कधी काहीच नाही. गणपतीच्या सोंडेचा काना, तलवारीची वेलांटी, यांनाही हाच न्याय. रफार लांब उडवला असेल तर तो कापून त्याच्या अक्षरावर आणून ठेवा.

मग चालवा. देवाची आणि गावाची नावं वाचताना शब्दसंग्रह बंद ठेवा, नाहीतर अनोळखी नाव ओळखीच्या शब्दाकडे ओढलं जातं:

```
tesseract saf.png nav -l mar --psm 7 \
  -c load_system_dawg=0 -c load_freq_dawg=0 tsv
```

`nav.tsv` मध्ये `conf` नावाचा रकाना असतो, म्हणजे यंत्राला वाटणारी खात्री. आकडा कमी असेल तर शंका घ्या, पण जास्त असेल म्हणून निर्धास्त राहू नका. ‘मैरवनाय’ला तो चांगला घसघशीत होता. खात्री आकारावरून येते, आणि म चा आकार मीच नीट करून दिला होता. म्हणून निकालात म, य किंवा घ दिसला की मूळ फोटोशी ताडून पाहायचं, हा माझा नियम.

आता विचाराल, एवढं करण्यापेक्षा पाच अक्षरांचं शीर्षक हाताने टाइप का करू नये? एकच पोस्टर असेल तर हातानेच करा, मीही तेच करतो. ही खटपट परवडते ती एकाच कलाकाराने, एकाच छापखान्यासाठी वर्षानुवर्षं केलेल्या पोस्टरांना. रंग तेच, वळण तेच, सावली त्याच बाजूला. पहिल्या पोस्टरला अर्धा तास गेला, पुढच्या प्रत्येकाला शिरोरेषेची दोन मिनिटं.

कमानीसारखी वाकवलेली अक्षरं, एकमेकांत गुंफलेली अक्षरं आणि बोधचिन्हातली आद्याक्षरं मात्र मी यंत्राला देतच नाही. ती हाताने लिहायची. आणि सूचीत प्रत्येकच नावाशेजारी, ते यंत्राने वाचलेलं असो की हाताने लिहिलेलं, शीर्षकाचा कापलेला तुकडा जोडून ठेवायचा. ती अकरा पोस्टरं मी त्या तुकड्यांवरूनच परत ‘भ’खाली आणली.