निळ्यापासून विटकरीपर्यंत: बेनेडिक्ट टेस्टची तयारी

बेनेडिक्ट टेस्ट म्हणजे नमुन्यात ग्लुकोजसारखी साखर आहे का आणि साधारण किती, ते रंगावरून ओळखायचं, पोरांना ती दाखवायची तर तयारी अशी. सगळ्यात आधी पाणी. आपल्याकडं खानापूर म्हणा, निपाणी म्हणा, शाळेत बहुतेक बोअरचंच पाणी येतं आणि त्यातल्या क्षारानं मिश्रण गढूळ दिसू शकतं, म्हणून बॅटरीवाल्याकडनं डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणून ठेवा, आणि हो, ऍसिडचा नव्हे, लेबल वाचूनच घ्या. मग बेनेडिक्टचं द्रावण. तयार बाटली असेल तर त्यातलं ५ मिली टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन नुसतंच उकळून बघायचं, स्वच्छ निळं राहिलं तर चालतंय, हिरवट झालं किंवा खाली काही बसलं तर ती बाटली बाजूला.

घरचं करायचं असेल तर १०० मिलीसाठी सोडियम सायट्रेट १७.३ ग्रॅम आणि कोरडा सोडियम कार्बोनेट १० ग्रॅम, हे दोन्ही ८० मिली कोमट पाण्यात विरघळवायचं, आणि मोरचूद १.७३ ग्रॅम वेगळ्या १० मिली पाण्यात. आता मोरचुदाचं पाणी त्या पहिल्या द्रावणात हळूहळू, ढवळत ढवळत ओतायचं आणि शेवटी पाणी घालून १०० मिली करायचं. सायट्रेट विसरलं तर मोरचुदातलं तांबं कार्बोनेटबरोबर निळसर हिरवा गाळ होऊन खाली बसतं आणि टेस्ट तिथंच संपते, सायट्रेटनं तांब्याला धरून ठेवलेलं असतं म्हणूनच ते विरघळून राहतं. मोरचूद लॅबचंच घ्या. अथणीकडं द्राक्षबागेत बोर्डोसाठी आणतात ते मिळेल हो सहज, पण त्यात आणखी काय असतंय याची खात्री नाही.

नमुने करताना आपल्याला रंगाचे टप्पे दाखवायचेत, तर मेडिकलमधली साधी ग्लुकोज पावडर ४ ग्रॅम घेऊन पाण्यानं १०० मिली करा, हे ४ टक्के झालं. त्यातलं ५ मिली घेऊन १५ मिली पाणी घातलं की १ टक्का, आणि त्यातलं परत ५ मिली घेऊन १५ मिली पाणी घातलं की पाव टक्का. चौथ्या ट्यूबला नुसतं पाणी. प्रत्येकात बेनेडिक्ट ५ मिली आणि नमुन्याचे आठच थेंब, ड्रॉपर तोच, पण मधे धुवून, आणि कमी गोडापासून जास्त गोडाकडं जायचं. जास्त ओतलं तर सगळ्याच ट्यूबा लाल होतात आणि फरक काही दिसत नाही. ट्यूबवर नंबर आधीच टाका, उकळल्यावर कोण कुठली ते कळत नाही.

ज्वाळेवर डायरेक्ट धरू नका, उसळून अंगावर येतं, त्यापेक्षा पातेल्यात पाणी खळखळ उकळू द्या आणि मग चारी ट्यूबा एकदम सोडा, ५ मिनिटं. कुठली आधी बदलते ते लिहायला एका पोराला बसवा, ४ टक्क्यावाली सगळ्यात आधी पलटते. शेवटी साधारण असं दिसतं: पाण्याची निळी, पाव टक्क्याची हिरवी, १ टक्क्याची पिवळी ते नारिंगी, ४ टक्क्याची विटकरी.

आता खरी गंमत, त्यासाठी ट्यूबस्टँड आणि पाठीमागं पांढरा कागद तयार ठेवा आणि ट्यूबा न हलवता अर्धा तास उभ्या ठेवा. हिरव्या ट्यूबमध्ये हिरवा पदार्थ असा काही नसतोच, गाळ खाली बसला की वर निळं पाणी आणि तळाला पिवळट-तांबूस थर दिसतो. ग्लुकोजनं थोडंसंच तांबं क्युप्रस ऑक्साइड केलेलं असतं, बाकीचं निळं तसंच असतं, आणि पिवळट कण निळ्यात तरंगले की डोळ्याला हिरवं वाटतं. ४ टक्क्याच्या ट्यूबमध्ये वरचं निळेपण जवळपास गेलेलं असतं, म्हणजे तांबंच संपलं, त्यापुढं ६ टक्के घातलं काय नि १० काय, तीच वीट दिसणार. म्हणून विटकरी आली तर नमुना पातळ करून परत टेस्ट करायची.

पोरं विचारणारच म्हणून साखर आणि गूळ दोन्ही ठेवा. रेशनची साखर निळीच राहते, कारण सुक्रोज तांब्याला काही करत नाही. गुळात मात्र थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज असतंच, त्यामुळं रंग बदलतो, फक्त गूळ पातळ करा, नाहीतर त्याचा तपकिरी रंगच फसवतो. साखरेलाही बोलतं करायचं असेल तर पातळ हायड्रोक्लोरिक ऍसिडचे चार थेंब घालून ५ मिनिटं उकळा, गार करा, मग खायचा सोडा चिमूट चिमूट घाला फसफस थांबेपर्यंत. आम्ल राहिलं तर बेनेडिक्टचा क्षारपणा मोडतो आणि साखर असूनही रंग येत नाही. लिंबू मात्र टेबलावर आणू नका, त्यातलं व्हिटॅमिन सी पण तांबं बदलतं.

चष्मे, ट्यूब होल्डर, आणि वापरलेलं तांब्याचं पाणी साठवायला झाकणाची बाटली एवढं राहिलं. ते पाणी बागेच्या आळ्यात ओतू नका, वेगळं ठेवून केमिकल कचऱ्यात द्या.