घरमालकाचा मासिक हिशेब: या चुका टाळा

इंदूरला सुदामानगरात चार फ्लॅटची एक इमारत मी सांभाळतो. मालकीणबाई, म्हणजे काकू, पुण्याला असतात. जूनच्या हिशेबात मी लिहिलं, ‘जमा 60,000’. काकू खूश. जुलैत मी जुन्या भाडेकरूचं डिपॉझिट परत केलं आणि त्यांचा फोन आला, “अरे, घर तेच, माणसं तेवढीच, मग पैसे गेले कुठे?”

पैसे कुठेच गेले नव्हते. बँकेत आलेली रक्कम मी उत्पन्न म्हणून दाखवली होती, तीच चूक.

भाडं दरमहा 12,000. जूनमध्ये पहिल्या फ्लॅटचं भाडं आलं. दुसऱ्याने जूनबरोबर जुलैचंही दिलं. तिसरा 10 तारखेला सोडून गेला. त्याचे दहा दिवसांचे 4,000 डिपॉझिटमधून वळते करायचे होते. तिथे 1 जुलैपासून येणाऱ्याने 24,000 डिपॉझिट भरलं. चौथ्याने काहीच दिलं नाही. साठ हजारांतले 24,000 म्हणजे नव्या भाडेकरूची ठेव, 12,000 जुलैचे. जूनचं खरं उत्पन्न 28,000, तेही वळते केलेले 4,000 धरून. जुन्याच्या 24,000 डिपॉझिटपैकी 20,000 परत द्यायचे होते, त्याचा तर हिशेबात उल्लेखच नव्हता.

आता मी आधी ताळा जुळवतो. चारही फ्लॅट भरलेले असते तर 48,000 यायला हवे होते. मिळाले 28,000, थकबाकी 12,000, आणि तिसरा फ्लॅट 20 दिवस रिकामा, रोजचे 400 धरून 8,000. बेरीज 48,000. ती जुळली नाही तर कुठेतरी डिपॉझिट किंवा आगाऊ भाडं घुसलंय असं समजायचं. डिपॉझिटचा तक्ता वेगळा: कोणाचं, किती, परत कधी. आणि ‘एक फ्लॅट रिकामा’ एवढंच न लिहिता कोणत्या तारखेपासून ते लिहायचं.

खर्चात ‘मेंटेनन्स’ अशी एकच ओळ नको. नगर निगमचा संपत्तिकर त्यात मिसळला की मार्चअखेर पावती शोधत बसावं लागतं. आयकर काढताना भरलेला संपत्तिकर भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतो. दुरुस्तीला मात्र वेगळी वजावट नाही, ती सरसकट मिळणाऱ्या 30 टक्के वजावटीतच आली. म्हणून संपत्तिकराची ओळ वेगळी, पावतीचा फोटो सोबत.

पुढच्या दुरुस्तीबद्दल माझा आवडता शब्द होता ‘लवकरच’. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला तो मी तीन महिने लावला. आपल्याकडे पाऊस जूनच्या उत्तरार्धात येतो आणि ओल्या स्लॅबवर ते काम टिकत नाही, म्हणजे मेअखेर गच्ची तयार हवी. एप्रिलच्या हिशेबातच भेगेचा फोटो, दोन ठेकेदारांचे दर आणि ‘10 मेपर्यंत होकार कळवा’ असं जायला हवं होतं. त्या वर्षी चौथ्या फ्लॅटचं छत गळलं. त्याने भाडं का अडवलं होतं, ते मला तेव्हा कळलं.