एआयच्या मसुद्यातला एकसुरी ठेका मोडताना या चुका टाळा

एआयकडून मराठी मजकूर लिहून घेणाऱ्या संपादकांची नेहमीची तक्रार असते की माहिती बरोबर आहे, व्याकरणही ठीक आहे, पण दोन परिच्छेदांनंतर वाचवत नाही. कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. हा परिच्छेद मोठ्याने वाचून बघा:

"लोणार सरोवर हे महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्यातील एक महत्त्वाचे ठिकाण आहे. हे सरोवर उल्केच्या आघातामुळे बेसाल्ट खडकामध्ये तयार झालेले आहे. या सरोवराचे पाणी अत्यंत खारट आणि अल्कधर्मी स्वरूपाचे आहे. जून २०२० मध्ये या सरोवरातील पाण्याचा रंग गुलाबी झाला होता. त्यामुळे देशभरातील अनेक नागरिकांचे लक्ष या सरोवराकडे वेधले गेले होते. क्षारांचे प्रमाण वाढल्याने फोफावलेले सूक्ष्मजीव हे या बदलामागील कारण होते."

शब्द मोजले तर १०, ९, ९, १०, १०, १०. शेवटचे शब्द आहे, आहे, आहे, होता, होते, होते. सहा वाक्यं, सहा सारखे ठोके. सरोवर गुलाबी होणं ही खरं तर बातमी, पण ती चौथ्या वाक्यात जिल्ह्याच्या नावाइतक्याच आवाजात येऊन निघून जाते.

भाषेचं मॉडेल प्रत्येक ठिकाणी पुढचा संभाव्य शब्द निवडत जातं. वेगळं सांगितलं नाही तर ते कुणालाच खटकणार नाही अशा मधल्या वाटेने चालतं. मध्यम लांबी, पूर्ण क्रियापद, एका वाक्यात एक माहिती. माणूस लिहितो तेव्हा त्याला एखादी गोष्ट सांगायची घाई असते आणि दुसरी नुसती उरकायची असते. लांबी-आखूडपणा तिथून येतो.

चूक पहिली: फक्त लांबी बघणं

लयीबद्दलचे बरेच सल्ले इंग्रजीवरून आलेले असतात आणि त्यात सगळा भर शब्दसंख्येवर असतो. इंग्रजी वाक्याच्या शेवटी नाम, विशेषण, क्रियाविशेषण काहीही येऊ शकतं, त्यामुळे तिथे वाक्यांचे शेवट आपोआप वेगवेगळे होतात. मराठीत क्रियापद शेवटी बसतं. प्रमाण लेखी मराठीत ते बहुधा 'आहे', 'असते', 'होते', 'ठरते', 'येते', 'जाते' यांपैकीच एक. एक वाक्य सहा शब्दांचं आणि पुढचं वीस शब्दांचं केलं, पण दोन्ही 'आहे'वर आपटली, तर कानाला ठोका तोच ऐकू येतो.

म्हणून आधी शेवट तपासायचे, लांबी नंतर. छोट्या मजकुरासाठी पेन्सिल पुरे: प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द अधोरेखित करा आणि तेवढेच शब्द ओळीने वाचा. मजकूर मोठा असेल तर पायथॉनच्या चार-सहा ओळी काम करतात:

```python
import re
text = open("lekh.txt", encoding="utf-8").read()
for s in re.split(r"[.?!।](?:\s+|$)", text):
    w = s.split()
    if w:
        print(len(w), w[-1])
```

इथे शब्द मोजायला मुद्दाम `split()` वापरलं आहे. सवयीने `\w+` लिहाल तर पायथॉनचं `re` देवनागरी शब्द काना-मात्रांपाशी तोडतं आणि आकडे भलतेच फुगतात. 'डॉ.' किंवा 'रु.' यांसारख्या संक्षेपांपाशीही वाक्य संपल्यासारखं दिसेल. तेवढे नजरेने वगळा. आकडे बघताना सरासरीच्या मागे लागू नका. सलग चार-पाच वाक्यं एक-दोन शब्दांच्या फरकात आली, किंवा सलग तीन शेवट सारखे निघाले, की तिथे खूण करायची.

चूक दुसरी: लांब, आखूड, लांब, आखूड

खूण केल्यावर बहुतेक जण कात्री हातात घेतात. एक वाक्य तोडलं, दोन जोडली, पुन्हा एक तोडलं. एआयलाच 'वाक्यांची लांबी बदलून लिही' असं सांगितलं तरी अनेकदा हेच हाती येतं: एक पंधरा शब्दांचं वाक्य, मग तीन शब्दांचं, मग पुन्हा पंधरा शब्दांचं. ठेका मोडत नाही, फक्त दादऱ्याचा केरवा होतो.

याचाच जास्त त्रासदायक प्रकार म्हणजे नाटकी तुकडा. 'पण गोष्ट इथेच संपत नाही.' 'आणि मग?' 'कारण साधं आहे.' ही वाक्यं आखूड असतात, पण त्यांत माहिती शून्य. आखूड वाक्यावर वाचक थांबतो, कारण इथे काहीतरी वजनदार असणार अशी त्याची अपेक्षा असते. तिथे रिकामा डबा निघाला की दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपासून तो आखूड वाक्यांवरूनही घसरत जातो.

चूक तिसरी: 'असून' आणि 'तसेच'ने जोडणं

वाक्य लांबवायचं म्हणून 'हे सरोवर बुलढाणा जिल्ह्यात असून ते उल्केच्या आघाताने तयार झालेले असून त्याचे पाणी खारट आहे' असं केलं जातं. शब्द वाढले, पण आत तीन सारखे तुकडे तसेच राहिले, आणि वर सरकारी परिपत्रकाचा वास आला. 'तसेच', 'त्याचबरोबर', 'याशिवाय' यांचंही तेच. हे शब्द दोन गोष्टी शेजारी ठेवतात, पण त्यांचं नातं सांगत नाहीत.

वाक्य खरोखर लांब व्हायचं तर त्याच्या आत चढउतार हवा: एक गोष्ट मुख्य, बाकीच्या तिच्या आधाराला. त्यासाठी मराठीकडे उत्तम सोय आहे ती '-ऊन', '-ताना', '-लेला', '-णारा' या रूपांची. ती वापरली की दुय्यम माहितीला स्वतःचं 'आहे' लागत नाही. फक्त '-ऊन' जपून वापरा, कारण दोन्ही क्रियांचा कर्ता सहसा एकच धरला जातो. 'अर्ज भरून कार्यालयाने तो मंजूर केला' या वाक्यात कार्यालयानेच अर्ज भरला असा अर्थ निघतो. लय सुधारण्याच्या भरात हा घोटाळा फार वेळा होतो आणि तपासताना सहज सुटतो.

मग करायचं काय

लोणारच्या परिच्छेदाकडे परत येऊ. कात्री लावण्याआधी एक प्रश्न विचारायचा: या सहा वाक्यांत वाचकाच्या लक्षात राहावी अशी गोष्ट कोणती? पाणी गुलाबी झालं ती. मग जिल्हा, उल्का, बेसाल्ट, खारटपणा ही सगळी पार्श्वभूमी झाली. तिला एकच वाक्य पुरे, आणि ते लांब असलं तरी चालेल, कारण वाचकाने तिथून झरझर पुढे जावं अशीच आपली इच्छा आहे. 'महत्त्वाचे ठिकाण' ही माहितीच नव्हे, ते गेलं. 'अनेक नागरिकांचे लक्ष वेधले गेले' हेही गेलं.

आता एक अडचण लक्षात येते. पाणी गुलाबी झालं, पण आधी कोणत्या रंगाचं होतं? मसुद्यात ते नाहीच. क्षार कशामुळे वाढले आणि रंग बदलण्याचं कारण कुणी शोधलं तेही नाही. सपाट लयीच्या मागे अनेकदा सपाट माहिती असते, आणि अशा वेळी वाक्यं कितीही हलवली तरी उपयोग होत नाही. हे तपशील बाहेरून आणून, पडताळून घालावे लागले:

"बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार म्हणजे बेसाल्टच्या कातळावर उल्का आदळून पडलेला प्रचंड खड्डा, आणि त्यात साचलेलं खारट, अल्कधर्मी पाणी. एरवी हिरवट. जून २०२० मध्ये मात्र ते गुलाबी झालं. उन्हाळ्यात पाणी आटलं, क्षार दाटले आणि अशा पाण्यातच फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांनी सरोवराला आपला रंग दिला, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळलं."

शब्द १७, २, ७, २१. शेवटचे शब्द पाणी, हिरवट, झालं, आढळलं. हे आकडे ठरवून आणलेले नाहीत. 'एरवी हिरवट' दोन शब्दांचं आहे, कारण पुढच्या गुलाबीला टेकू द्यायला तेवढंच लागतं. शेवटचं वाक्य लांब आहे, कारण त्यात कारणांची साखळी आहे: पाणी आटलं म्हणून क्षार दाटले, क्षार दाटले म्हणून सूक्ष्मजीव फोफावले. ती साखळी तीन वाक्यांत तोडली असती तर वाचकाला कड्या स्वतः जोडाव्या लागल्या असत्या.

पहिल्या दोन वाक्यांत क्रियापद नाही हेही बघा. 'आहे' गाळणं मराठीला अजिबात परकं नाही. बोलताना आपण 'घर दुसऱ्या गल्लीत, दार पूर्वेला' असंच सांगतो. क्रियापदानंतर एखादा शब्द सरकवण्याचीही मुभा आहे: 'गेले ते दिवस', 'सांगितलं होतं मी त्याला'. ही उलटापालट बोलीची आहे, त्यामुळे ललित किंवा अनुभवकथनात शोभते. माहितीपर लेखात एखादीच पुरे.

बदलताना मजकूर 'आहे, झालेले'च्या प्रमाण वळणावरून 'झालं, आढळलं'कडे गेला. हे तुमच्या प्रकाशनाच्या शैलीत बसत नसेल तर 'झाले, आढळले' ठेवा, लयीचं काही बिघडत नाही. मात्र एकाच लेखात निम्मं हे आणि निम्मं ते ठेवू नका. एआयच्या मसुद्यावर हाताने केलेली दुरुस्ती उघडी पडते ती बहुतेक वेळा इथेच.

परिच्छेदांचाही ठेका असतो

वाक्यं सुधारून झाली तरी लेख कंटाळवाणा वाटत असेल तर थोडं दूर धरून बघा. प्रत्येक परिच्छेद चार वाक्यांचा, आणि प्रत्येकाच्या शेवटी 'यावरून जैवविविधतेचे महत्त्व अधोरेखित होते' छापाची एक ओळ. ही शेवटची ओळ सगळ्या परिच्छेदांतून एकदम काढून टाका आणि लेख पुन्हा वाचा. काहीच हरवलं नसेल तर ती परत आणायची गरज नाही. उरलेल्यांपैकी दोन छोटे परिच्छेद एकाच मुद्द्याचे असतील तर जोडून टाका. मोठा मुद्दा मोठ्या परिच्छेदात आणि छोटा एका ओळीत राहिला तर पान ओबडधोबड दिसेल. दिसू द्या.

कुठे हात लावायचा नाही

पाककृतीतल्या पायऱ्या, औषध घेण्याच्या सूचना, अर्ज भरण्याची पद्धत, करारातली कलमं यांत वाक्यं सारखी असणं वाचकाच्या सोयीचं असतं. 'तेल तापवा. मोहरी घाला. ती तडतडली की हिंग घाला.' इथे लय बदलायला जाल तर स्वयंपाक करणारा माणूस पायरी चुकेल. अशा मजकुरात फक्त प्रस्तावनेची दोन वाक्यं तपासा आणि कृतीला हात न लावता पुढे जा.