‘पाण्याचे प्रदूषण’ बारा आठवड्यांत कसं बसवायचं: बीएस्सीच्या प्रोजेक्टचा एक हिशेब

रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रोजेक्टसाठी मार्गदर्शन करते, त्यामुळे ‘आमच्या तालुक्यातील पाण्याचे प्रदूषण’ हा विषय दरवर्षी माझ्या टेबलावर येतोच. विषय वाईट नाही, फक्त तीन महिन्यांत मावत नाही. अशाच एका जोडीबरोबर तो कसा कापत नेला, ते सांगते.

पहिला प्रश्न मी विचारते, “मोजणार काय?” या दोघींच्या यादीत नायट्रेट, फ्लोराइड, जंतू आणि पाण्याचा कठीणपणा, सगळंच होतं. जंतूंची तपासणी आमच्या प्रयोगशाळेत होत नाही. नायट्रेटचा नमुना थंड ठेवून दोन दिवसांच्या आत तपासावा लागतो, आणि आम्हाला प्रयोगशाळा मिळते आठवड्यातून दोनच दुपारी. कठीणपणाला मात्र ब्यूरेट, ईडीटीए, अमोनियाचं बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी एवढंच लागतं, शिवाय नमुना चार दिवस थांबला तरी फारसं बिघडत नाही. झालं, कठीणपणा ठरला. तालुकाही गळला, एक गाव राहिलं.

मग उपप्रश्न. माझ्याकडे त्याची एकच चाचणी आहे: प्रश्न लिहिला की त्याखाली रिकामा तक्ता आखायचा. रकान्यांना नावं देता आली नाहीत, तर तो प्रश्न अजून प्रश्न झालेला नाही. ‘लोकांच्या आरोग्यावर काय परिणाम होतो?’ या प्रश्नाखाली दोघी पेन धरून बसून राहिल्या. तो तिथेच खोडला. ‘विहिरीचं पाणी जास्त कठीण की बोअरचं?’ याचा तक्ता लगेच झाला: सहा विहिरी, सहा बोअर, प्रत्येकापुढे मिलिग्रॅम प्रति लिटर. ‘जानेवारीपासून मार्चपर्यंत पाणी उतरतं तसा कठीणपणा बदलतो का?’ याने त्याच तक्त्याला तीन फेऱ्यांचे रकाने जोडले. ‘पिण्याच्या मानकात किती स्रोत बसतात?’ याला नवीन मोजमाप लागतच नाही. आयएस १०५०० मध्ये २०० ही स्वीकार्य मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. असा फुकटात मिळणारा एखादा प्रश्न जरूर ठेवावा.

वेळापत्रकाआधी हात किती चालतो ते मोजा. एका नमुन्याची तीन रीडिंग, धुणं-पुसणं धरून पंचवीस मिनिटं जातात. अडीच तासांच्या दुपारी सहा नमुने होतात, म्हणजे बारा नमुन्यांची एक फेरी म्हणजे बरोब्बर एक आठवडा. स्रोत वीस घेतले असते तर प्रत्येक फेरी दुसऱ्या आठवड्यात सांडली असती. बारा हा आकडा इथूनच आला.

आता आठवडे उलटे भरायचे. बारावा छपाई, बाइंडिंग आणि सह्यांचा. अकराव्यात कच्चा मसुदा माझ्याकडे, दहाव्यात तक्ते आणि आलेख. फेऱ्या तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या आठवड्यात. चौथ्या-पाचव्यात प्रस्तावना आणि पद्धत लिहून टाकायची, कारण पद्धत हातात ताजी असते. सातवा अंतर्गत परीक्षेला गेला, तिथे काहीच ठेवलं नाही. आठवा मोकळा, राहिलेल्या कामांसाठी. पहिल्यात विहीरमालकांची परवानगी काढायची.

दुसऱ्या आठवड्यात चाचणीचे दोनच नमुने, आणि हा आठवडा वाचवायला जाऊ नका. नेहमीप्रमाणे ५० मिली पाणी घेऊन त्यांनी टायट्रेशन केलं. ०.०१ मोलर ईडीटीएचा १ मिली म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणून रीडिंगला वीसने गुणायचं. विहिरीला १३ मिली लागले, म्हणजे २६०. बोअरला ३१ मिली गेले, म्हणजे ६२०. वर शेवटी वाइनसारखा लाल रंग एका थेंबात निळा व्हायच्या ऐवजी जांभळ्यातच रेंगाळत राहिला. अशा वेळी आधी बफर तपासावं, पीएच १० च्या आसपास नसेल तर एंड पॉइंट स्पष्ट मिळत नाही. बफर ठीक होतं. मग बोअरचं पाणी २५ मिली घेऊन डिस्टिल्ड वॉटरने ५० केलं, गुणक चाळीस केला, आणि ईडीटीए कमी लागल्याने टायट्रेशन पटकन उरकलं. रंगही नीट पालटला. हेच तिसऱ्या आठवड्यात कळलं असतं, तर पहिली फेरी एका पद्धतीची आणि पुढच्या दुसऱ्या, असा घोळ झाला असता. बोअर पाच-दहा मिनिटं चालू ठेवून मगच बाटली भरायची, हेही याच आठवड्यात पद्धतीत लिहून घेतलं.

वेळापत्रकाच्या तळाशी आणखी एक ओळ पहिल्याच आठवड्यात लिहून घेते: वेळ कमी पडला तर काय गाळायचं. इथे मधली, सहाव्या आठवड्यातली फेरी. ती गेली तरी जानेवारी आणि मार्चची तुलना उरते. नववी गाळली, तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरच राहत नाही.