या चुका टाळा: ब्रोशरमधला कार्पेट 55 फुटांनी का फुगतो?

गृहप्रकल्पाचं ब्रोशर तपासताना बरेच जण शुद्धलेखन बघतात आणि आकडे मागच्या ब्रोशरशी जुळवून मोकळे होतात. मग मागची चूक पुन्हा छापली जाते. आकडे जुळवायचे ते महारेराच्या संकेतस्थळावरच्या नोंदणीशी आणि मंजूर नकाशाशी.

समजा, नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या टू बीएचकेसाठी ब्रोशर म्हणतं, ‘कार्पेट 684 चौ. फूट’. नोंदणीत त्याच फ्लॅटचा कार्पेट 58.40 चौ. मीटर आहे. 10.764 ने गुणलं की 629 फूट होतात. मग वरचे 55 कुठून आले? नकाशात बाल्कनी 5.15 चौ. मीटरची आहे, म्हणजे सुमारे 55 फूट. कुणीतरी ती कार्पेटमध्ये मिळवली. 2016 च्या रेरा कायद्यानुसार फ्लॅटच्या आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि खुली गच्ची धरत नाहीत. म्हणून बाल्कनीचा आकडा वेगळ्या ओळीत द्या. फरक किरकोळ वाटेल, पण 41 लाखांच्या फ्लॅटचा दर 684 ने भागल्यावर 5,994 रुपये येतो आणि 629 ने भागल्यावर 6,518. गिऱ्हाईक याच दरावरून दोन प्रकल्पांची तुलना करतं.

ही चूक फ्लोअर प्लॅनवरूनही पकडता येते. हॉल, किचन, बेडरूम, बाथरूम, पॅसेज यांच्या मापांची बेरीज करा. ती 590 च्या आसपास आली, तर उरलेले 39 फूट आतल्या भिंतींत जाणं पटण्यासारखं आहे. 684 धरले तर 94 फूट उरतात, ते पटत नाही.

ताब्याच्या तारखेत ‘येत्या दिवाळीत’ असं मोघम लिहू नका. नोंदणीतली प्रकल्प पूर्णत्वाची तारीख बघा, मुदतवाढ मिळाली असेल तर सुधारित तारीख. प्रकल्प टप्प्याटप्प्याने नोंदवलेला असेल, तर प्रत्येक टप्प्याचा नोंदणी नंबर आणि तारीख वेगळी असते. जुन्या पद्धतीच्या नंबरांत नाशिकचे नंबर P516 ने सुरू होतात; तिथे P521 दिसला तर तो पुण्यातल्या प्रकल्पावरून उचललाय. क्यूआर कोड छपाईआधी मोबाइलवर स्कॅन करून बघाच.

सुविधांची गडबडही टप्प्यांमुळेच होते. क्लबहाउस दुसऱ्या टप्प्यात असताना पहिल्याच्या ब्रोशरमध्ये नुसतं ‘क्लबहाउस’ छापणं मला चुकीचंच वाटतं. कुठल्या टप्प्यात आणि कधी, हे शेजारीच लिहा. कोपऱ्यात ‘चित्रे कलात्मक आहेत’ अशी बारीक टीप टाकून भागेल असं धरू नका. कायद्याच्या कलम 12 प्रमाणे जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या गिऱ्हाइकाचं नुकसान झालं, तर ते भरपाई मागू शकतं किंवा व्यवहार सोडून व्याजासह पैसे परत घेऊ शकतं.

‘नाशिकरोड स्टेशन दहा मिनिटांवर’ऐवजी प्रकल्पाच्या गेटपासूनचं रस्त्याचं अंतर किलोमीटरमध्ये द्या. ‘गोदावरी व्ह्यू’ लिहिण्याआधी नदी कुठल्या विंगच्या कितव्या मजल्यावरून दिसते ते साइट इंजिनिअरला विचारा आणि तेवढंच छापा.