मेट्रिक मॉड्युलेशन: नवी लय १२० ऐवजी १२६ वर पडत होती

क्वार्टर ९०. त्यातला डॉटेड एट्थ नवा क्वार्टर झाला की लय १२० व्हायला हवी. माझी १२६ कडे पळायची. १२० चा ठोका पाठ करून पाहिला, महिना फुकट गेला.

बदलत नाही ती सिक्स्टीन्थ: ९० × ४ = ३६०, ३६० ÷ ३ = १२०. म्हणून आधी पायाने क्वार्टर, हाताने सलग सिक्स्टीन्थ. मग हाताचा वेग तोच ठेवून दर तिसरीवर ॲक्सेंट, पाय जुन्याच ठोक्यावर. तीन ठोक्यांत चार ॲक्सेंट बसले की दोन्ही जिथे एकत्र येतात तिथून पाय ॲक्सेंटवर न्यायचा. त्या सिक्स्टीन्थ आता नव्या क्वार्टरच्या ट्रिपलेट आहेत. निदान एक बार त्याच वाजवा. लगेच चारचे गट धरले की (मी तेच करायचो) लय पळते.

तपासायला मेट्रोनोम ९० वरच चालू ठेवा: त्याच्या दर तीन टिकटिकींत तुमचे चार ठोके, म्हणजे दोन्ही एकत्र पडल्यापासून मोजलं तर चौथ्या टिकटिकीवर तुमचा पाचवा ठोका.